समाजशास्त्रात चोवीसवरून छत्तीसवर जायचंय? बाईंना पत्र असं लिहा

"बाई, मला समाजशास्त्रात चांगले मार्क मिळवायचे आहेत, काय करू?" असं पत्र आलं की शिक्षकाला एकच उत्तर देता येतं: पुस्तक नीट वाच, सराव कर. दोष शिक्षकाचा नसतो. प्रश्नच इतका मोघम असतो की त्यात धरायला काही सापडत नाही. दहावीला भूगोलाचा 40 गुणांचा आणि इतिहास-राज्यशास्त्राचा 40 गुणांचा पेपर असतो. तुमचे गुण त्यातल्या नेमक्या कोणत्या जागी गळतात, हे पत्रात दिसलं पाहिजे.

म्हणून पत्राआधी सहामाहीची तपासलेली उत्तरपत्रिका समोर घ्या. गेलेल्या प्रत्येक गुणापुढे पेन्सिलीने एक खूण करा: माहीतच नव्हतं, माहीत होतं पण अर्धवट लिहिलं, नकाशा-आलेखात चुकलं किंवा वेळ पुरला नाही. समजा एका मुलीला भूगोलात 40 पैकी 24 मिळाले आणि 16 गेले. खुणा मोजल्यावर तिला दिसलं की माहीत नसल्यामुळे फक्त 4 गेले, वेळेपायी 2 आणि आलेखाचं शीर्षक, प्रमाण, नकाशाची सूची विसरल्यामुळे 3. उरलेले 7 गुण तिला येत असलेल्या उत्तरांतच गेले होते. मधल्या फळीतल्या मुलांचं बहुतेकदा असंच असतं. आणि तरी ती पुन्हा पाठांतरच वाढवतात, म्हणजे जिथे 4 गेले तिथेच सगळी मेहनत घालतात.

आता त्या सातांतलं एक उत्तर निवडा. एकच. ते जसं लिहिलं होतं तसंच पत्रात उतरवा, सुधारून नाही.

"आदरणीय बाई,
सादर नमस्कार. सहामाहीत मला भूगोलात 24 गुण मिळाले. गेलेल्या 16 पैकी 7 गुण मला येत असलेल्या उत्तरांत गेले आहेत. 'ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात मानवी वस्ती विरळ आढळते' या भौगोलिक कारणाला मी लिहिलं होतं: 'तिथे खूप जंगल आहे आणि खूप पाऊस पडतो, म्हणून लोक कमी राहतात.' मला 3 पैकी 1 मिळाला. मुद्दे बरोबर असूनही 2 गुण कशामुळे गेले आणि तिसऱ्या गुणासाठी काय लिहायला हवं होतं, हे सांगाल का? मधल्या सुट्टीत आपल्याला वेळ असेल तेव्हा येईन.
आपली विद्यार्थिनी"

या पत्रात गुण वाढवून मागितलेले नाहीत, हे लक्षात घ्या. तसं एक वाक्य जरी आलं तरी पत्राचा रोख बदलतो आणि बोलणं तपासणीवर जातं.

अशा पत्रावर शिक्षक थेट उत्तरावर बोट ठेवू शकतात. मुलीने कारण लिहिलं आणि एकदम शेवटावर उडी मारली, मधली साखळी लिहिलीच नाही. खोरं विषुववृत्ताजवळ आहे, म्हणून वर्षभर तापमान आणि पाऊस दोन्ही जास्त. त्यामुळे हवा उष्ण, दमट आणि रोगट. त्याच हवामानामुळे घनदाट वर्षावनं वाढली; त्यामुळे रस्ते, लोहमार्ग बांधणं अवघड. जंगलात दळणवळण नाही, म्हणून तिथली साधनसंपत्ती वापरता येत नाही आणि रोजगारही कमी. यामुळे वस्ती विरळ. माहिती जवळपास तीच आहे, पण प्रत्येक "म्हणून" कागदावर आला आहे. गुण त्यालाच मिळतात.

राज्यशास्त्रात हीच गळती "चूक की बरोबर, सकारण स्पष्ट करा" इथे होते. स्थानिक शासनसंस्थांतल्या महिला आरक्षणावर "महिलांना संधी मिळते" एवढंच लिहून मुलं थांबतात. 73 व्या आणि 74 व्या घटनादुरुस्तीने किमान एकतृतीयांश जागा राखीव झाल्या, पुढे महाराष्ट्राने त्या 50 टक्क्यांवर नेल्या, हे लिहिलं की कारणाला आधार मिळतो.

बाईंचं उत्तर मिळालं की तोच प्रश्न त्याच दिवशी पुन्हा लिहा आणि दुसऱ्या दिवशी दाखवा. मग त्याच प्रकारचा, पण बाईंनी न सांगितलेला प्रश्न स्वतःहून सोडवा, कारण सांगितलेलं उत्तर पाठ होऊन जातं आणि साखळी जमली की नाही ते कळत नाही. तपासणं सोपं आहे: उत्तरातल्या प्रत्येक वाक्यापुढे "मग काय झालं?" असं विचारा. पुढचं वाक्य त्याचं उत्तर देत नसेल, तर तिथे कडी तुटली आहे.

पुढच्या चाचणीनंतर खुणा पुन्हा मोजा. अर्धवट लिहिल्याने गेलेले गुण सातावरून दोन-तीनावर आले, तर पुढचं पत्र नकाशा-आलेखाबद्दल लिहा. पण "माहीतच नव्हतं" हाच रकाना सर्वांत मोठा निघाला, तर सध्या पत्र राहू द्या. आधी प्रत्येक पाठाखालचा स्वाध्याय पुस्तक मिटून सोडवा आणि जे अडेल तेवढंच घेऊन बाईंकडे जा.