दारापुढच्या कोलममध्ये या चुका टाळा

तमिळनाडूतील सिक्कु कोलम या रांगोळीत रेषा ठिपक्यांना, म्हणजे पुळ्ळींना, स्पर्श न करता त्यांच्याभोवती वळत जाते. दाराच्या मापात कोलम न बसण्याचे मूळ बहुधा याच वळणात असते.

समजा, दार ९० सेंटिमीटर रुंद आहे आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा सेंटिमीटर मोकळे सोडून ७८ सेंटिमीटर उरतात. पंधरा ठिपक्यांमध्ये चौदा अंतरे, म्हणून ७८ ला १४ ने भागले की ५.६ सेंटिमीटर येतात. पण कडेच्या ठिपक्याबाहेरून जाणारे वळण दोन्ही बाजूंना सुमारे अर्धे अंतर घेते आणि कोलम ८४ सेंटिमीटर होतो. भागायचे ते ठिपक्यांच्या संख्येनेच: ७८ भागिले १५, म्हणजे ५.२ सेंटिमीटर. हे अंतर साधारण तीन बोटांचे असते, तरी आपल्या बोटांची रुंदी एकदा पट्टीने मोजून घ्यावी.

बोटांनी मापताना डाव्या कडेपासून सुरुवात केली, तर प्रत्येक अंतरातील थोडी थोडी चूक साठत जाऊन उजवीकडे मोठी होते. त्यामुळे चौकटीच्या मध्यावर पहिला ठिपका ठेवून दोन्हीकडे सात-सात ठिपके द्यावेत. चूक झालीच तरी ती दोन्ही बाजूंत वाटली जाते. पुढील ओळ कोणत्या प्रकारची आहे, हेही आधी ठरवावे. नेर पुळ्ळीत ठिपके सरळ खाली येतात आणि ‘१५ ते १’ मध्ये मधल्या ओळीच्या वर आणि खाली प्रत्येक ओळीत दोन कमी होतात. इडुक्कु पुळ्ळीत ते वरच्या दोन ठिपक्यांच्या फटीत बसतात, म्हणून ‘१५ ते ८’ मध्ये एकेकच कमी होतो. आपल्याकडील ठिपक्यांच्या रांगोळीच्या पुस्तकांतही असेच आकडे असतात. चौदाच्या ओळीत मध्यावर ठिपका आला, तर ओळ चुकली असे समजावे.

सर्वांत फसवी चूक खोलीची, म्हणजे दारापासून पुढे येणाऱ्या मापाची, आहे. ‘१५ ते १’ ची नेर पुळ्ळी जितकी रुंद तितकीच खोल होते, आणि ठिपके कमी करून उपयोग नाही, कारण रुंदी भरण्यासाठी अंतर वाढवावे लागते. पायरी ३० सेंटिमीटरचीच असेल, तर आयताकृती मांडणी घ्यावी: ६ सेंटिमीटर अंतराने १३ ठिपके आडवे आणि ५ ओळी. येथे संख्या निवडताना मसावि पाहावा. प्रत्येक दोन शेजारी ठिपक्यांच्या मध्ये रेषा एकमेकींना छेदतात, अशा साध्या विणीत जितका मसावि तितके स्वतंत्र वेढे पडतात. १३ आणि ५ चा मसावि १, म्हणून सर्व ठिपके एकाच अखंड रेषेत येतात. १२ आणि ४ घेतल्यास चार वेगळे वेढे होतात आणि हात चार वेळा उचलावा लागतो. त्यात अखंडपणा शोधत बसणे व्यर्थ. एक ठिपका आडवा वाढवला की काम होते, फक्त अंतर पुन्हा मोजावे.