कमिटीसमोर पाच मिनिटांत रिसर्च प्रपोजल कसं मांडायचं

पाच मिनिटं म्हणजे बोलायला साधारण ५०० शब्द, त्यामुळे चारच स्लाइड ठेवा आणि वेळ आधीच वाटून घ्या: उद्देशाला एक मिनिट, डिझाइनला दोन, फिजिबिलिटीला दीड, उरलेलं अर्धं श्वास घ्यायला. बहुतेकांचं गाडं पहिल्याच मिनिटात अडतं, कारण देशातल्या समस्येचा इतिहास सुरू होतो आणि संपतच नाही. घरी मोबाईलवर रेकॉर्ड करून बघा, पहिलं मिनिट संपायच्या आत तुमचा प्रश्न तोंडातून बाहेर पडला नसेल तर सुरुवात कापा.

एक उदाहरण घेऊ. समजा विषय आहे, गरोदर बायका लोहाच्या गोळ्या खरंच घेतात का. सरकारी कार्यक्रमात दुसऱ्या तिमाहीपासून रोज एक अशी १८० दिवस गोळी असते. मग उद्देश "गोळ्यांबाबत अभ्यास करणे" असा नको, त्यातून काहीच कळत नाही. "सातव्या महिन्यापुढच्या किती टक्के बायकांनी मागच्या महिन्यातल्या निदान ८० टक्के गोळ्या घेतल्या हे मोजणे", असा म्हणा. हे वाक्य नीट झालं की डिझाइन अर्धं तिथेच ठरतं.

डिझाइनमध्ये कोण, कुठे, किती जणी आणि मोजणार कसं, एवढंच सांगा. नुसतं विचारलं तर बऱ्याच जणी "हो, रोज घेते" म्हणतात, म्हणून पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजणार हे आवर्जून सांगा. नमुन्याचा आकडा कुठून आला तेही एका ओळीत: n = 4pq/d², p म्हणजे गोळ्या नीट घेणाऱ्यांचा अंदाज, तो ५० टक्के धरला, q म्हणजे उरलेल्या, त्याही ५०, आणि d म्हणजे चालेल एवढी चूक, ती १० टक्के, म्हणजे १०० जणी.

आता फिजिबिलिटी, आणि माझ्या मते खरी परीक्षा इथेच असते. "केंद्रात भरपूर पेशंट येतात" असं म्हणू नका, आधी जाऊन तीन महिन्यांचं रजिस्टर बघा. समजा त्यात सातव्या महिन्यापुढच्या बायकांच्या ९६ नोंदी सापडल्या, तर तीन महिन्यांत काम होईल असं वाटतं, पण त्या भेटी आहेत, बायका नाहीत, तीच बाई दर महिन्याला परत येते! नोंदणी नंबर लावून बघितलं तर वेगवेगळ्या बायका निघाल्या ४०, त्यातल्या १० जणी नाही म्हणतील असं धरा, राहिल्या ३०. म्हणजे १०० व्हायला दहा महिने. हे कमिटीतल्या कुणीतरी विचारण्याआधी तुम्हीच सांगा आणि उपायही द्या: तेवढ्याच गर्दीचं दुसरं केंद्र घेतलं तर पाच महिने. त्याला तिथल्या मेडिकल ऑफिसरची लेखी परवानगी लागेल, आणि एथिक्स कमिटीची मंजुरी मिळेपर्यंत एकही फॉर्म भरता येत नाही, म्हणून तो काळ वेळापत्रकात वेगळा दाखवा.

शेवटच्या स्लाइडवर आभार नकोत, हेच वेळापत्रक राहू द्या, प्रश्न त्याच्यावरच येतात.