बरणीच्या तोंडाचा आतला व्यास: दोरी आणि कॅलिपर

काचेच्या बरणीसाठी आत बसणारे लाकडी बूच करताना मी प्रथम दोरीने तोंडाचा बाहेरचा परीघ मोजला. तो 267 मिमी भरला, म्हणजे 3.1416 ने भागल्यावर व्यास जवळजवळ 85 मिमी आला. मात्र दोरीची लांबी तिच्या जाडीच्या मध्यावर मोजली जाते; दोरी 1 मिमी जाड असल्याने तेवढे वजा करून बाहेरचा व्यास 84 मिमी धरला आणि दोन्ही बाजूंची 3 मिमी काच वजा करून आतला व्यास 78 मिमी काढला.

कॅलिपरचे आतले जबडे लावले तेव्हा मात्र 77.2 मिमी दिसले. दोरीचा हिशेब मला चुकलेला वाटला, पण चूक माझ्या हाताची होती: जबडे मध्यापासून साडेपाच मिलिमीटर सरकले होते, त्यामुळे व्यासाऐवजी जीवा मोजली जात होती. एक जबडा स्थिर ठेवून दुसरा डावी-उजवीकडे हलवत सर्वांत मोठे माप शोधल्यावर 78 मिमी मिळाले. कॅलिपर खोलीच्या दिशेने तिरका झाल्यास उलट माप वाढते, म्हणून त्या दिशेने सर्वांत लहान माप घ्यावे लागते. पाइपलाही हेच लागू पडते. तोंड लंबवर्तुळाकार असेल तर दोरी केवळ सरासरी सांगते, कॅलिपर काटकोनात दोनदा लावावा.