बारशाला आलेले झबले लगेच घालू नका

बारशाला झबल्या-टोपऱ्यांचा ढीग येतो, आणि खडेबाजारातनं आणलेला तो करकरीत झबला तसाच बाळाला घालतात सगळे. पण ती करकर कापडाची नसते ओ, खळीची असते, शिवाय सुरकुती पडू नये म्हणून काही कापडांवर फॉर्मल्डिहाइडवालं फिनिश मारलेलं असतं, आणि गडद कापडाचा सुटा रंग वेगळाच. घामाने हे सगळं सुटून मानेला, काखेत लाल पुरळ येतं.

ओळखायचं कसं, तर ओला पांढरा रुमाल शिवणीवर घासा, रंग लागला तर झबला अजून दोन पाण्यातनं काढा. बिनवासाच्या सौम्य साबणाने कोमट पाण्यात धुवा, साबणाचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत खळबळा, उन्हात वाळवा. सॉफ्टनर नकोच, त्याचा वास कापडात बसतो.

घ्यायचं तर मऊ सुती मलमल किंवा होजिअरी, फिकट रंगाची. खणाची जरीची कुंची फोटोपुरती ठीक, तीपण आत सुती टोपरं घालून. मानेचं लेबल मात्र मुळापासनं उसवा, कातरलं तर उरलेली कड जास्तच टोचते. एवढं करूनही पुरळ चिघळलं किंवा पसरलं तर सरळ डॉक्टरांना दाखवा.