हरवलेल्या फोनची तक्रार: मराठी जबाब इंग्रजीत नेताना

परदेशात नवीन आलेल्यांकडून फोन हरवल्याचा जबाब पुष्कळदा आधी मराठीत लिहिला जातो आणि मग कोणी ओळखीचे तो इंग्रजीत करून देतात. ही पद्धत मला योग्यच वाटते, कारण घाबरलेला माणूस आपल्या भाषेत जास्त नेमके सांगतो. मात्र बोलताना सहज चालणारी मराठी वेळ कागदावर तशीच उतरली, तर इंग्रजीत तिचा अर्थ बदलतो, आणि पुढे विमा कंपनीने जबाब व फोनच्या नोंदी ताडून पाहिल्या की तेवढ्यावरून दावा अडू शकतो.

एक नमुना घेऊ. मूळ वाक्य असे आहे: “शनिवारी रात्री दीडच्या सुमारास बसमधून उतरलो, घरी येऊन पाहिले तर फोन कोणीतरी मारला होता.” आपण झोपेपर्यंतची वेळ शनिवारची रात्रच म्हणतो, पण तारीख मध्यरात्री बदललेली असते. शनिवार 14 मार्च 2026 असेल, तर ही घटना रविवार, 15 मार्चची आहे. भाषांतर करणाऱ्याने शब्दाला शब्द ठेवून शनिवार, दीड वाजता असे लिहिले, तर कागदावर घटना चोवीस तास आधीची ठरते, आणि पोलिसांनी बसमधील कॅमेऱ्याचे चित्रण पाहायचे ठरवले तर ते चुकीच्या रात्रीचे मागवतील. म्हणून वार, तारीख आणि चोवीस तासांच्या घड्याळातील वेळ एकत्र लिहावी: रविवार, 15 मार्च 2026, अंदाजे 01:30. महिना अक्षरी लिहावा. 03/04 असे लिहिले तर काही देशांत तो 3 एप्रिल होतो आणि काही देशांत 4 मार्च. काल, परवा हे शब्द जबाबात नकोतच.

दीडच्या “सुमारास” म्हणजे किती, हे जबाब देणाऱ्यालाच विचारावे. भाषांतरकाराने स्वतःच्या मनाने 01:30 असा आकडा टाकला, तर अंदाजाची खात्री होऊन बसते. त्यापेक्षा पुरावे शोधावेत. आपल्या नमुन्यात मैत्रिणीच्या फोनवर 00:58 ला आलेला संदेश आहे आणि तो त्याने बसमध्ये बसूनच पाठवला होता. घरी पोहोचून खिसा तपासला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात 01:35 झाले होते. सोबत राहणाऱ्याच्या फोनवरून त्याने 01:42 ला लावलेला कॉल तिथल्या नोंदीत दिसतो. आता फोन नेमका केव्हा गेला हे ठाऊक नसले, तरी तो 00:58 आणि 01:35 यांच्या दरम्यान गेला, एवढे ठामपणे लिहिता येते. बसमधून उतरण्याची वेळ मात्र “अंदाजे” या शब्दासहच ठेवावी, आणि इंग्रजीतही तो शब्द गळू देऊ नये. मैत्रीण दुसऱ्या देशात असेल तर तिच्या फोनवर तिथली वेळ दिसते, ती घटनास्थळाच्या वेळेत बदलून घ्यावी आणि तसे केल्याचे लिहावे.

यानंतर “कोणीतरी मारला” हा भाग. हे त्याने पाहिलेले नाही, तो त्याचा तर्क आहे. इंग्रजीत सरळ ‘स्टोलन’ लिहिले तर तो चोरीचा आरोप होतो, आणि भाषांतरकाराने सौम्य करायचे म्हणून ‘लॉस्ट’ लिहिले तर त्याचा संशय पुसला जातो. दोन्ही टाळून वाक्ये वेगळी करावीत: “घरी आल्यावर फोन खिशात नव्हता. कोणी काढताना मी पाहिले नाही. बसमध्ये दाराजवळ गर्दी होती आणि एक जण मला दोनदा घासून गेला, म्हणून तो चोरीला गेला असावा असे मला वाटते.” मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, पाहिलेले, ऐकलेले आणि वाटलेले यांच्या सीमा भाषांतरात जशाच्या तशा राहिल्या पाहिजेत.

फोनची ओळख थोडक्यात पुरते: कंपनी, मॉडेल, रंग, सिमचा क्रमांक आणि आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा पंधरा अंकी ओळख क्रमांक. तो खोक्यावर किंवा बिलावर बहुधा सापडतो. दोन सिमच्या फोनला सहसा दोन असतात, दोन्ही लिहावेत. हाती असलेल्या फोनवर `*#06#` दाबले की तो दिसतो, म्हणून नव्या फोनचा आजच उतरवून ठेवावा.

मराठीत संदिग्ध असलेली जागा इंग्रजीत दुरुस्त करू नये. आधी मराठी वाक्य जबाब देणाऱ्याकडून नीट करून घ्यावे, मगच भाषांतर करावे. तयार झालेले इंग्रजी भाषांतरकाराने त्याला मराठीत उलट सांगावे, आणि आकडे दोघांनी बोट ठेवून जुळवावेत. मराठी मूळ प्रतीवर त्याची सही व तारीख असावी, भाषांतरावर भाषांतरकाराचे नाव, सही आणि तारीख असावी, आणि दोन्ही प्रती जपून ठेवाव्यात. नंतर एखादी वेळ चुकल्याचे लक्षात आले, तर दिलेल्या प्रतीत खाडाखोड न करता तक्रार क्रमांक घालून पुरवणी जबाब द्यावा आणि त्यात आधीची वेळ, सुधारलेली वेळ व ती कशावरून कळली हे लिहावे.