लोकपालाकडे तक्रार: 30 दिवस मोजताना या चुका टाळा

पेरणीच्या तोंडावर, 3 जूनला, तालुक्याच्या एटीएममधून बियाण्यासाठी 10,000 रुपये काढायला गेलात. पैसे बाहेर आलेच नाहीत, खात्यातून मात्र वजा झाले. बाजाराच्या दिवशी शाखेत सांगितलं, उत्तर मिळालं, "होऊन जाईल." महिना गेला. आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार टाकली, तरी ती बहुधा परत येईल, कारण बँकेला उत्तरासाठी मिळणारे 30 दिवस कागदोपत्री सुरूच झालेले नाहीत.

हे दिवस तुमची लेखी तक्रार बँकेला मिळाली त्या तारखेपासून धरतात. काउंटरवरचं बोलणं, बँक मित्राला दिलेला निरोप किंवा तहसीलमधला अर्ज त्यात धरत नाहीत. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. पावती जपा. हेल्पलाइनवर नोंदवली असेल तर तक्रार क्रमांक उतरवून ठेवा.

एटीएम दुसऱ्या बँकेचं असलं तरी अर्ज आपलं खातं असलेल्या बँकेलाच द्यायचा. इथं बरेच जण चुकीच्या दारात जातात.

समजा, अर्ज 10 जूनला पोचला. उत्तरच नाही आलं तर 11 जुलैपासून लोकपालाचं दार उघडं. त्याआधी टाकलेली तक्रार घाईची ठरून बंद होते. मात्र बँकेने मधेच लेखी नकार दिला असेल तर महिना पुरा होण्याची वाट पाहू नका. बँकेला ईमेल करताना रिझर्व्ह बँकेला नुसती प्रत लावली, तर तीही लोकपालाकडची तक्रार होत नाही.

तक्रार cms.rbi.org.in वर मोफत टाकता येते. मोबाइलवर ओटीपी येतो, म्हणून रेंज असेल तिथं बसा. बँकेला दिलेल्या अर्जाची शिक्क्याची प्रत आणि पासबुकाचं ते पान जोडा. पासबुक आधी भरून आणा, नाहीतर वजा रकमेची नोंदच दिसत नाही. वडिलांचं खातं असेल तर त्यांच्या सहीच्या अधिकारपत्रावर मुलाला तक्रार करता येते, वकिलाला पाठवता येत नाही. याच बाबीचा दावा कोर्टात चालू असेल तर लोकपाल हात घालत नाही.

शेवटचा रकाना मागणीचा, आणि तिथं "न्याय मिळावा" लिहून भागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या परिपत्रकानुसार एटीएमचे अडकलेले पैसे व्यवहारानंतर 5 दिवसांत खात्यात परत यायला हवेत. उशीर झाला तर रोज 100 रुपये भरपाई. आपल्या उदाहरणात मुदत 8 जूनला संपली. 9 जून ते 11 जुलै हे 33 दिवस, म्हणजे 3,300 रुपये. "मूळ 10,000, भरपाई 3,300 आणि रक्कम जमा होईपर्यंत रोज 100" असं आकड्यांत लिहा.

पोर्टलचा तक्रार क्रमांक पासबुकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. पुढची स्थिती त्यावरच दिसते.