कागदावर नफा बासष्ट हजार, हातात उसनवारी

दापोलीत जेवणाच्या ऑर्डरी घ्यायला लागले त्या पहिल्याच मे महिन्यात मला पाटल्या गहाण टाकाव्या लागल्या. गंमत म्हणजे धंदा तोट्यात नव्हता. एका लग्नाची ३०० पानं, ३५० रुपये पान. शिवाय एका कार्यालयाचे रोज ४० डबे, ९० रुपये डबा. खर्च वजा जाता लग्नात ४०,००० आणि चार आठवड्यांच्या डब्यांत २२,४०० सुटत होते. वहीत तेवढंच लिहिलं होतं. पैसे कुठल्या तारखेला येणार आणि कुठल्या तारखेला जाणार, हे मात्र कुठेच नव्हतं.

पुढे चुलतभावाने तोच महिना आठवड्यांच्या रकान्यांत मांडून दाखवला, तेव्हा उजेड पडला. सुरुवातीला गल्ल्यात ३०,००० होते. पहिल्या आठवड्यात लग्नाचा विसार २५,००० आला, डब्यांचे सामान आणि मदतनिसांची मजुरी मिळून १६,००० गेले, उरले ३९,०००. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा डब्यांचे १६,००० आणि लग्नाचा किराणा-नारळ २८,०००. नव्या गिऱ्हाइकाला उधारी कोण देतो? सगळं रोख. शिल्लक उणे ५,०००. तिसऱ्या आठवड्यात लग्न. भाजी, गॅस, भांड्यांचं भाडं, आचारी आणि वाढपी मिळून ३७,०००. वाढप्यांना तर पंगत उठल्यावर त्याच रात्री द्यावे लागतात. वर डब्यांचे १६,०००. उणे ५८,०००. चौथ्या आठवड्याअखेर उणे ७४,०००. यजमानांनी उरलेले ८०,००० दिले ते लग्नानंतर दहा दिवसांनी, म्हणजे पाचव्या आठवड्यात. तरीही त्या आठवड्याचे डबे धरून मी उणे १०,०००वरच. कार्यालयाचं बिल महिनाअखेरीला जायचं आणि पैसे त्यानंतर महिन्याने.

तो तक्ता मी अजून तसाच वापरते. मोबाइलवरच्या शीटमध्ये प्रत्येक आठवड्याला एक रकाना आणि चार ओळी: सुरुवातीची शिल्लक, आलेले, गेलेले, अखेरची शिल्लक. A रकान्यात ओळींची नावं, पहिला आठवडा B मध्ये. त्याच्या चौथ्या ओळीत हे लिहायचं:

```
=B1+B2-B3
```

पुढच्या रकान्याच्या पहिल्या ओळीत `=B4`, म्हणजे या आठवड्याची अखेर तीच पुढच्याची सुरुवात. बेरीज-वजाबाकी एवढीच. कठीण भाग आहे तो रक्कम कोणत्या रकान्यात टाकायची हा. ऑर्डरीचं जेवण ज्या आठवड्यात वाढलं त्या आठवड्यात नाही, नोटा ज्या आठवड्यात हातात येतील त्या आठवड्यात. मासळीवालीला जेट्टीवरच पैसे द्यावे लागतात, म्हणून मासळीचा खर्च त्याच दिवसाचा.

दुसऱ्या हंगामात तेवढ्याच आकड्यांचा महिना आला. दर तेच ठेवले, फक्त तारखा हलवल्या. विसार २५,०००, लग्नाच्या आठ दिवस आधी ५०,००० आणि उरलेले ३०,००० पंगत बसायच्या आधी. हे बोलायला जीभ अडखळते, कारण यजमान बहुधा ओळखीचेच असतात. "काकू, लग्न झाल्यावर बघू ना," असं म्हणतात. मग मी त्यांना किराण्याची यादी दाखवते. आठ दिवस आधीचे पैसे कशाला लागतात ते तिथेच कळतं. कार्यालयाने दर आठवड्याला पैसे द्यायला नकार दिला, पण पंधरवड्याला बिल घ्यायला मान्यता दिली. आता तोच तक्ता पहिल्या आठवड्यापासून असा चालला: ३९,०००, ४५,०००, २२,०००, ६,०००. पाचव्या आठवड्यात पहिल्या पंधरवड्याचे ४३,२०० आले आणि अखेर ३३,२०० उरली. नफा मागच्या वर्षीइतकाच. पाटल्या हातात.

चौथ्या आठवड्याचे ६,००० पाहून मात्र अजून धाकधूक होते. एक दिवस पैसे उशिरा आले की डब्यांचं सामान अडतं. म्हणून एका आठवड्याच्या डब्यांचा खर्च, माझ्या बाबतीत १६,०००, एवढ्याच्या खाली अखेर गेली की तो रकाना मी लाल करते. लाल दिसला तर नवी ऑर्डर घेताना विसार वाढवून मागते.

आपल्याकडचा पावसाळा वेगळा मांडावा लागतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी, मासळी मिळालीच तर महाग, आणि लग्नं चातुर्मासात थांबलेली. त्या रकान्यांत मी लग्नाचे शून्यच धरते. गणपतीत चाकरमानी येतात आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखांचे विसार देऊन जातात. तेव्हा गल्ला भरलेला दिसतो आणि मोदकांच्या ऑर्डरीसाठी नवा स्टीमर घ्यावासा वाटतो. मी एकदा घेतलाही. ते पैसे डिसेंबरच्या नारळांचे होते. आता विसारासाठी शीटमध्ये पाचवी ओळ आहे आणि ती शिल्लकीतून वजा करूनच मी आकडा वाचते.

दर शनिवारी रात्री अंदाज आणि खरे आलेले पैसे शेजारी लिहिते. त्यातूनच दिसलं की कार्यालय "दहा दिवसांत देतो" म्हणतं आणि देतं सोळाव्या दिवशी. म्हणूनच त्यांचे ४३,२०० वरच्या तक्त्यात चौथ्या आठवड्यात न धरता पाचव्यात धरले होते.